उरलेल्यांपुरते स्मरण (सर्वेक्षण)

सर्वेक्षणाची प्रश्नावली पाठवल्यावर ज्यांचे उत्तर आलेले नाही फक्त त्यांनाच आठवण करून देण्याची, आणि उत्तर येताच ती थांबवण्याची पद्धत. टपालाच्या काळात प्रत्येक प्रश्नावलीवर क्रमांक असे. ती परत आली की यादीत त्या क्रमांकापुढे खूण करत आणि दुसरे पत्र बिनखुणेच्या नावांना जाई. आता खूण संगणक करतो. ती योग्य नावापुढे आणि वेळेवर पडली पाहिजे. ग्रामीण विदर्भात नेमकी तिथेच गफलत होते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात २४० कापूस उत्पादकांना गुलाबी बोंडअळीने किती नुकसान झाले ते विचारायचे आहे. यादी मोबाइल क्रमांकावर लावली, तर पहिल्याच आठवड्यात घोळ होतो. घरात स्मार्टफोन एकच, तोही मुलाच्या खिशात. वडील आणि काका यांचे सातबारे वेगळे, पण दोघांनी क्रमांक मुलाचाच दिलेला. वडिलांचे उत्तर आले की त्या क्रमांकापुढे खूण पडते आणि काकांचे स्मरण कायमचे बंद होते. काकांचे शेत सर्वेक्षणातून गेले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खूण क्रमांकापुढे नव्हे, शेतकऱ्यापुढे पडायला हवी. प्रत्येकाला वेगळा संकेतांक द्यावा, तो त्याच्या दुव्यातच असावा, आणि दुवा उघडताच कोणाच्या शेताविषयी विचारले आहे ते नाव दिसावे. एकाच फोनवर दोन दुवे आले तरी मग गोंधळ होत नाही.

दुसरी गफलत वेळेची. रात्री उरलेल्यांची यादी काढून ठेवली आणि संदेश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, तर मधल्या वेळात उत्तर दिलेल्यांनाही ते पोहोचतात. ‘म्या त कालच भरलं, आता काहून पाठवून रायले?’ असा फोन आला की कारण बहुधा हेच असते. उपाय सोपा आहे: यादी आधी काढली तरी प्रत्येक संदेश सुटण्याच्या क्षणी ती खूण पुन्हा तपासावी.

रेंज नसलेल्या गावांत तेवढ्याने भागत नाही. तिथे स्वयंसेवक घरी जाऊन अर्ज फोनमध्ये भरून घेतो. तो फोनमध्येच साठतो आणि रेंज मिळाल्यावर पुढे जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तर देऊन झाले, यादीच्या दृष्टीने तो अजून बाकीच. अशा गावांचे स्मरण स्वयंसेवकाचा फोन रिकामा झाल्याची खात्री होईपर्यंत रोखून धरावे. तोवर दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. उत्तर दिलेल्या माणसाला पुन्हा टोकले, तर पुढच्या वर्षी तो दारातूनच परत पाठवील.

थांबण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. स्पष्ट नकार आला किंवा क्रमांक चुकीचा निघाला, तरी संदेश थांबले पाहिजेत. मात्र त्यांची नोंद ‘उत्तर आले’ अशी करू नये. अर्धवट भरलेल्याला नेहमीचे स्मरण न पाठवता राहिलेल्या प्रश्नावर नेणारा दुवा द्यावा. मजकूर आटोपशीर हवा: देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरचिन्हांचा, त्यात काना-मात्राही मोजली जाते. त्याहून लांब मजकुराचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. वेचणीच्या दिवसांत दुपारचा संदेश वाया जातो, तो संध्याकाळी जेवणाच्या सुमारास पाठवावा.

उत्तरे खरोखर निनावी असतील, तर कोण उरले हे कळायला वाव नाही. टपालात यासाठी वेगळे क्रमांकित कार्ड देत: प्रश्नावली बिननावाने, आणि ‘मी पाठवली’ एवढेच सांगणारे कार्ड स्वतंत्रपणे. संकेतांक वापरणाऱ्याने ‘तुमचे नाव कोणालाही कळणार नाही’ असे लिहू नये, कारण ते खोटे ठरते. नावांची यादी आणि उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून तसे सांगावे.

तीन स्मरणांनंतर उदाहरणातले १८० जण आले आणि ६० उरले, असे धरू. चौथा संदेश सहसा फारसे काही आणत नाही. हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांडलेली वाट इथे उपयोगी पडते: उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडायचे आणि त्यांना प्रत्यक्ष भेटायचे. इथे २० निवडले, तर त्यांतला प्रत्येक जण तिघांच्या वतीने मोजला जातो. संदेशाला उत्तर देणाऱ्यांचे सरासरी नुकसान ४० टक्के आणि घरी जाऊन भेटलेल्या २० जणांचे २० टक्के निघाले, तर तालुक्याचा आकडा ४० नव्हे, ३५ टक्के येतो. ज्याचे पीक हातचे गेले तो स्वतःहून सांगतो आणि ज्याचे बरे आहे तो संदेशाकडे बघत नाही. हा फरक किती मोठा आहे ते या वीस घरी गेल्यावरच समजते. निवडलेला शेतकरी कामासाठी बाहेरगावी गेला असेल, तर शेजारच्या घरी विचारून काम उरकू नये. तो परतण्याची तारीख घरच्यांकडून घ्यावी आणि पुन्हा जावे.