पुणं गेलं, तरी बाजीराव मागे फिरले नाहीत

परवा एकाच वर्तमानपत्रात 'रणनीती' हा शब्द तीन ठिकाणी वाचला: शेवटच्या षटकातल्या गोलंदाजीसाठी, एका पक्षाच्या प्रचारदौऱ्यासाठी आणि कांद्याच्या निर्यातीसाठी. यातला खरा रणनीतीचा प्रश्न फार तर कांद्याचा. षटकातला तो डावपेच, आणि दौऱ्याची आखणी ही मोहीम. हा फरक नीट पाहायचा तर १७२७-२८ ची पालखेडची मोहीम घ्यावी. (हे पालखेड वैजापूरजवळचं. नाशिक जिल्ह्यातल्या पालखेड धरणाशी त्याचा संबंध नाही.)

भांडण होतं दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचं. खरा छत्रपती कोण, सातारचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हे ठरेपर्यंत पैसे देणार नाही, असा पवित्रा निजामानं घेतला. ही निजामाची रणनीती होती आणि ती हुशारीची होती, कारण न लढताच मराठे दुभंगणार होते. बाजीरावांची रणनीतीही मर्यादित होती. निजामाला संपवायचं नव्हतं, शाहूंचा हक्क त्याच्याकडून कबूल करून घ्यायचा होता. रणनीती म्हणजे एवढंच: समोरच्याकडून नेमकं काय हवंय आणि तो कशामुळे कबूल होईल.

डावपेच दुसऱ्या टोकाला असतात, शत्रू नजरेसमोर आल्यावर. बाजूनं हल्ला चढवायचा, की पळाल्याचं सोंग करून त्याला तोफांपासून दूर ओढायचं, हे तिथं ठरतं.

या दोहोंच्या मधे मोहीम. कुठली लढाई द्यायची, कुठली टाळायची, शत्रूला कुठे आणि कधी गाठायचं. या पातळीला 'ऑपरेशनल आर्ट' असं स्वतंत्र नाव १९२० च्या दशकात अलेक्सांद्र स्वेचिन या रशियन लष्करी विचारवंतानं दिलं. बाजीरावांकडे हा शब्द नव्हता, पण घोडे होते.

इथे थोडं बैलांबद्दल बोलायला हवं. निजामाचं बळ तोफखान्यात होतं आणि तोफा ओढायचे बैल. बैल ताशी तीनेक किलोमीटर चालतो. त्याला चरायला वेळ लागतो आणि मग बसून रवंथ करायलाही काही तास लागतात. म्हणून दिवसाला १५-२० किलोमीटरच्या पुढे मजल जात नाही. बैल वाढवले तर ओढ वाढते, वेग वाढत नाही. उलट चारा जास्त लागतो. बिनसामानाचं घोडदळ ४० किलोमीटर सहज जातं. म्हणजे २०० किलोमीटरला एकाला पाच दिवस, दुसऱ्याला दहा ते तेरा. हे मधले दिवस हेच बाजीरावांचं हत्यार.

त्यांनी आधी जालना-सिंदखेडकडे धुमाकूळ घातला. जालन्याजवळच्या चकमकीत निर्णय लागला नाही, तेव्हा ते रेंगाळले नाहीत. बऱ्हाणपूरला धोका असल्याचं भासवलं आणि खानदेशातून थेट गुजरातेत उतरले. फसल्याचं लक्षात येताच निजाम वळला तो पुण्यावर. पुणं पडलं आणि संभाजींना तिथं आणलं गेलं.

अशा वेळी कुणीही घराकडे धावला असता. पण पुण्याजवळ निजाम तोफांसह तयारच होता. तिथं जाणं म्हणजे त्याच्या सोयीची लढाई देणं. बाजीराव उलट औरंगाबादच्या रोखानं निघाले. आपलं हे मुख्य ठाणं निजामाला सोडवत नव्हतं. तो घाईनं गोदावरी ओलांडून निघाला आणि जड तोफा मागे राहिल्या.

फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या रुक्ष मुलखात मराठ्यांनी त्याला घेरलं. रसद तोडली, पाणी तोडलं. कामाच्या घोड्याला दिवसाला साधारण ३० लिटर पाणी लागतं. हिशेबापुरते १० हजार घोडे धरले तर तीन लाख लिटर झाले, म्हणजे १० हजार लिटरचे ३० टँकर, तेही रोज. उन्हाळ्याच्या तोंडाशी हे पाणी कुठून आणायचं, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. डावपेच इथे अगदी साधे होते: पाणवठ्यांवर नजर ठेवायची आणि बाहेर पडणाऱ्या तुकडीवर तुटून पडायचं. मोठी लढाई अशी झालीच नाही.

'बाजीरावांनी इतक्या लढाया जिंकल्या' असे आकडे मोबाइलवर फिरत असतात. मला ते वाचून हसू येतं, कारण त्यांची सर्वात देखणी मोहीम त्या मोजणीत एक बारीकशी चकमक ठरेल. युक्तीला मर्यादाही होती. तोफा बरोबर असत्या तर हा वेढा इतका सहज आवळता आला नसता. आणि निजामानं औरंगाबादची चिंता सोडून पुण्यातच पाय रोवले असते, तर सगळं गणित कोलमडलं असतं.

६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क निजामानं मान्य केला, संभाजींची पाठराखण सोडली. पुण्यासाठी वेगळी लढाई करावीच लागली नाही.