प्रोटॉन पंप निरोधक
जठरात आम्ल सोडणाऱ्या पंपाला निकामी करणारा औषधवर्ग. यातील पहिले औषध, ओमेप्राझोल, स्वीडनमध्ये १९७९च्या सुमारास तयार झाले व १९८८ मध्ये बाजारात आले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्यानंतरची.

जठराच्या अस्तरातील भित्तीय कोशिकांमध्ये एक एन्झाइम पोटॅशियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकते. हाच प्रोटॉन पंप. गोळीतले औषध मात्र मुळात निष्क्रिय असते. आम्लात ते आधीच नासू नये म्हणून गोळीवर आवरण असते. ते आतड्यात विरघळते आणि औषध रक्तावाटे भित्तीय कोशिकेपर्यंत पोचते. कोशिकेतील सूक्ष्म नलिकांत तीव्र आम्ल असते. तेथे औषध साठते, त्याचे रूप बदलते आणि ते पंपातील सिस्टीन या ॲमिनो आम्लाशी (मुख्यतः क्र. ८१३) घट्ट जोडले जाते. हे सक्रिय रूप नेमके कोणते, यावर मतभेद आहेत. पूर्वी सल्फेनामाइड हे उत्तर सर्वमान्य होते. नंतरच्या अभ्यासांचा कल सल्फेनिक आम्लाकडे दिसतो व तो अधिक पटण्याजोगा वाटतो.

औषध रक्तातून काही तासांत नाहीसे होते, पण अडकलेला पंप सहसा पुन्हा चालू होत नाही. कोशिकेला नवे पंप घडवावे लागतात. पंपांचे अर्धायुष्य सुमारे ५० तास धरले, तर दिवसाला जवळजवळ चतुर्थांश पंप नवे येतात. शिवाय औषध फक्त चालू पंपांना पकडते आणि पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पूर्ण परिणामाला ३ ते ५ दिवस लागतात.

दोन महिन्यांसाठी सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, याचे एक कारण याच यंत्रणेत आहे. आम्ल घटले की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते. गोळी एकदम थांबवली की त्याच्या जोरावर आम्ल उसळते. डेन्मार्कमधील २००९च्या एका प्रयोगात १२० निरोगी व्यक्तींपैकी काहींना इसोमेप्राझोल ८ आठवडे दिले व नंतर बंद केले. पुढच्या चार आठवड्यांत त्यांतील ४४% जणांना आम्लाची लक्षणे जाणवली. ज्यांना औषधाऐवजी नुसती नक्कल गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५% होते. मुळात आजार नसलेल्यांना हा त्रास झाला, म्हणजे गोळी सोडल्यावर होणारी जळजळ ही आजार उरल्याची खूण असेलच असे नाही. मात्रा निम्मी करून, मग दिवसाआड घेऊन ती सोडता येते.

हाडमोड व मूत्रपिंडविकार यांच्याशी जोडलेले संबंध बहुतांशी निरीक्षणात्मक अभ्यासांतून आले आहेत, आणि त्यांतून औषधच कारण आहे हे सिद्ध होत नाही. सुमारे १७,५०० रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत पँटोप्राझोलमुळे आतड्याचे संसर्ग तेवढे किंचित वाढले (१.४% विरुद्ध १.०%). ब-१२ व मॅग्नेशियमची कमतरता मात्र दीर्घ वापरात लक्षात ठेवावी लागते. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ आधीच कमी असू शकते.

बॅरेट अन्ननलिका हा अन्ननलिकेचे अस्तर बदलणारा विकार, तीव्र अन्ननलिकादाह किंवा वेदनाशामकांमुळे व्रणातून झालेला रक्तस्राव असलेल्यांनी गोळी स्वतःहून थांबवू नये. इतरांच्या बाबतीत मूळ कारण अजून आहे का, हे वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.