व्हिडिओची संहिता दोन रकान्यांत का पाठवतो

चित्रीकरणाआधी आमच्याकडून तुम्हाला एक तक्ता येतो. डावीकडे पडद्यावर काय दिसणार, उजवीकडे निवेदक काय बोलणार. बहुतेक ग्राहक फक्त उजवा रकाना वाचून 'ओके' कळवतात. म्हणून हे पत्रक.

समजा, छतावर सोलर बसवणाऱ्या कंपनीला नेट मीटर समजावायचा आहे. हातात आलेलं वाक्य असं असतं: 'ग्रीडला निर्यात केलेल्या अतिरिक्त विजेचे आयात युनिटमध्ये समायोजन केले जाते.' वाक्य बरोबर आहे. पण व्हिडिओ बघणाऱ्याला ते एकदाच ऐकू येतं. आम्ही त्याच्या तीन ओळी करतो:

| दिसेल | ऐकू येईल |
|---|---|
| दुपार. छतावर पॅनल, घरात फक्त फ्रिज चालू. बाण मीटरमधून रस्त्यावरच्या खांबाकडे. | दुपारी घरात वापर कमी. उरलेली वीज बाहेर जाते, मीटर ती मोजतो. |
| रात्र. दिवे, पंखे चालू. बाण उलटा, खांबाकडून घराकडे. | रात्री पॅनल थांबतात. वीज बाहेरून येते. मीटर तीही मोजतो. |
| अक्षरं: आली 300, गेली 220, उरली 80 | महिन्यात तीनशे युनिट आली, दोनशे वीस गेली. बिल उरलेल्या ऐंशीचं. हा हिशोब ठेवतो तो नेट मीटर. स्थिर आकार मात्र वेगळा. |

'नेट मीटर' हा शब्द मुद्दाम शेवटी ठेवलाय. आधी गोष्ट कळली की नाव लक्षात राहतं. उजवीकडे आकडे अक्षरी आहेत, कारण निवेदक समोर लिहिलेलंच वाचतो. 'स्थिर आकार' काढा, असं हमखास सांगितलं जातं. आम्ही तो ठेवायला सांगतो, नाहीतर पहिलं बिल आलं की ग्राहक तुम्हालाच फोन करणार.

मिनिटाला साधारण 120 शब्द धरा, म्हणजे सेकंदाला दोन. तिसऱ्या ओळीला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात डावीकडे पॅनलची वॉरंटी आणि कंपनीचे पुरस्कारही टाकले, तर माणूस ते वाचत बसतो आणि कानावरचा हिशोब हुकतो. पडद्यावरची अक्षरं निवेदनातलेच मोजके शब्द असावेत. वेगळं वाक्य नको, नि पूर्ण वाक्यही नको.

तक्ता तपासताना उजवा रकाना हाताने झाका. नुसत्या डाव्यावरून वीज कुठून कुठे जाते ते कळलं पाहिजे. मग डावा झाकून उजवा मोठ्याने वाचा, मोबाइलवर वेळ लावून. डाव्या रकान्यात 'कर्मचारी हसतमुख' किंवा 'ऑफिसचे दृश्य' अशा ओळी दिसल्या, तर तिथे दाखवण्यासारखं आम्हाला सुचलेलं नाही असं समजा आणि खुशाल परत पाठवा.

हे वाचन शक्यतो अकाउंट्सच्या किंवा रिसेप्शनवरच्या कुणाकडून करून घ्या, इंजिनिअरकडून नको. इंजिनिअरने फक्त आकडे तपासावेत. दोन्ही रकान्यांवर होकार आल्यावरच आम्ही आवाज रेकॉर्ड करतो. त्यानंतर एक शब्द बदलला तरी निवेदकाला पुन्हा बोलवावं लागतं, आणि जोडलेला तुकडा कानाला वेगळा लागतो.