मुक्त माथ्याच्या एकेरी पाइलची चिकणमातीतील आडवी भारक्षमता

चिकणमातीत रोवलेल्या आणि माथ्याशी कशानेही न जखडलेल्या एकट्या पाइलला, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबाला, आडवा भार लागला, तर ती निकामी होण्यापूर्वी जास्तीत जास्त जितका आडवा भार पेलते, त्याला तिची आडवी भारक्षमता म्हणतात. रस्त्याकाठच्या फलकाचा एकच खांब, उंच दिव्याचा खांब किंवा वीजवाहिनीचा खांब यांचा पाया बहुधा असाच असतो. खांबावर वाऱ्याचा जोर वर कुठेतरी बसतो, पाइलचा माथा मोकळा असल्याने तो फिरू शकतो, आणि साऱ्या भाराला तोंड देण्याचे काम पाइलच्या अंगाला भिडलेल्या मातीला करावे लागते. ही नोंद त्या मातीच्या प्रतिक्रियेवरून क्षमता काढण्याच्या रीतीची आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत या रीतीतली एक गृहीत गोष्ट ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून तिच्याकडे येथे विशेष लक्ष दिले आहे.

मातीची प्रतिक्रिया

या रीतीची मांडणी बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये केली. पाइल आडवी सरकू लागली की खोलवरची चिकणमाती तिच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे वाहू पाहते. तसे वाहण्याला माती जो विरोध करते, तो तिच्या निचरा न होता मिळणाऱ्या कर्तन सामर्थ्याच्या, म्हणजे cu च्या, सुमारे नऊपट असतो. जमिनीलगत मात्र मातीला वर फुगून निसटायला वाट मिळते. पृष्ठभागाशी तिचा विरोध cu च्या दुपटीच्या आसपास असतो आणि पाइलच्या व्यासाच्या, म्हणजे D च्या, सुमारे तिप्पट खोलीवर तो पूर्ण भरात येतो. ब्रॉम्स यांनी हा चढ सोपा करून घेतला. जमिनीपासून दीड व्यासापर्यंतची प्रतिक्रिया शून्य धरायची आणि त्याखाली पाइलच्या प्रत्येक मीटर लांबीवर 9·cu·D इतकी एकसारखी धरायची.

भार H आणि जमिनीपासून त्याची उंची e असली, तर दीड व्यासाखाली आणखी f इतक्या खोलीपर्यंतची माती हा भार पूर्ण तोलते. तिथे कर्तनबल शून्य होते, म्हणून तिथेच पाइलवरचा मोमेंट, म्हणजे तिला वाकवू पाहणारा परिणाम, सर्वांत मोठा असतो:

```
f = H / (9·cu·D)
Mmax = H·(e + 1.5·D + 0.5·f)
```

त्याखाली उरलेल्या g लांबीचे दोन समान भाग पडतात. वरच्या अर्ध्यात माती पाइलला एका दिशेने रेटते, खालच्या अर्ध्यात उलट दिशेने, आणि या जोडीचा मोमेंट वरच्या मोमेंटला थोपवतो. पाइलची एकूण लांबी L धरली तर:

```
L = 1.5·D + f + g
Mmax = 2.25·cu·D·g²
```

निकामी होण्याच्या वाटा दोन आहेत. पाइल आखूड असेल तर ती स्वतः अखंड राहते, पण साऱ्या लांबीतली माती हार मानते आणि पाइल आपल्या तळाच्या थोडे वर असलेल्या एका बिंदूभोवती फिरते. पाइल पुरेशी लांब असेल तर माती पूर्णपणे हार मानण्याआधीच f च्या तळाशी पाइलचे काँक्रीट आणि सळया वाकतात, तिथे प्लास्टिक हिंज तयार होते, म्हणजे पाइल बिजागरीसारखी दुमडू लागते, आणि क्षमता पाइलच्या स्वतःच्या मोमेंट-सामर्थ्यावर म्हणजे My वर ठरते. दोन्ही गणिते करून जो आकडा लहान येईल तो खरा. थोडक्यात सांगायचे तर आखूड पाइल मातीच्या भरवशावर उभी असते आणि लांब पाइल सळयांच्या.

एक उदाहरण

परभणीकडच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात रस्त्याकाठी २० चौरस मीटरचा फलक एका खांबावर उभा करायचा आहे, असे समजू. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १ किलोन्यूटन धरला तर भार २० किलोन्यूटन येतो. फलकाचा मध्य जमिनीपासून ५ मीटर उंच आहे. पाइलचा व्यास ०.६ मीटर, मातीचे cu चौरस मीटरला ५० किलोन्यूटन, आणि सळया धरून पाइलचे My ३०० किलोन्यूटन-मीटर मानू. तेव्हा दीड व्यास म्हणजे ०.९ मीटर होतो आणि त्याखालची प्रतिक्रिया मीटरला २७० किलोन्यूटन येते.

प्रथम My वरून पाहू. वरच्या समीकरणात मोमेंट ३०० ठेवला की H सुमारे ५० किलोन्यूटन येतो आणि f फक्त ०.१९ मीटर. हा मोमेंट थोपवायला g २.११ मीटर लागते, म्हणजे पाइलची एकूण लांबी ३.२ मीटर झाली की पुरे. त्याहून लांब पाइल घातली तरी ही क्षमता वाढत नाही. म्हणून ठेकेदाराने ३.५ मीटर सुचवले तर कागदावर त्यात काही चूक दिसत नाही. मातीवरून काढलेली क्षमता सुमारे ६३ येते, सळयांवरून ५० येते, लहान आकडा ५० आणि भार २०. सुरक्षिततेचा गुणक अडीच मिळतो.

उन्हाळ्यातली भेग

हे गणित माती पाइलला वर्षभर चिकटून आहे असे धरते. मराठवाड्याची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या खनिजामुळे ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. तशीच भेग पाइलच्या अंगालगतही पडते, कारण माती काँक्रीटपासून सुटायला सोपी असते. खांबाच्या बुडाशी बारीक सळई उभी सोडून पाहिली की ती विरोधाशिवाय किती खोल जाते यावरून ही फट ओळखता येते. सळई वाकडी होऊन मातीत रुतली तर मोजमाप कमी भरते, म्हणून ती खांबाभोवती चार ठिकाणी सोडून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. सोडून द्यायची खोली दीड व्यास नसून ही फटीची खोली आहे, असे मानून गणित पुन्हा करायला हवे.

फट १.८ मीटर निघाली असे धरू, आणि वरच्या समीकरणांत १.५D च्या जागी १.८ घालू. सळयांवरून येणारी क्षमता ५० वरून सुमारे ४४ वर येते, ही घट मोठी नाही. पण आता लागणारी लांबी ४.१ मीटर होते, आणि आपली पाइल तर ३.५ मीटरची आहे. फटीखाली तिची फक्त १.७ मीटर लांबी मातीत उरते. मातीवरून गणित केले की H सुमारे २५ किलोन्यूटन येतो, म्हणजे अडीचचा गुणक सव्वावर उतरतो. क्षमता निम्मी होते ती खांब मोडल्यामुळे नव्हे. पाइल लांब गटातून आखूड गटात पडते, आणि ती सळया न वाकताच अख्खी कलंडू लागते. ही गोष्ट एकदा केलेल्या गणितात दिसत नाही, कारण त्यात पाइलचा गट कायमचा ठरलेला असतो.

पावसाळ्यात उलट अडचण येते. फट मिटते, पण माती भिजून मऊ होते. cu निम्मे, २५ झाले असे धरले, तर लांब पाइलची क्षमता ५० वरून जेमतेम ४९ वर येते, कारण e मोठे आहे आणि f मध्ये थोडा फरक पडून मोमेंट फारसा बदलत नाही. तीच ३.५ मीटरची पाइल मात्र ३१ वर येते. मातीच्या चाचणीतला cu चुकला तर कुणाला भोगावे लागते, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

वाऱ्याच्या दृष्टीने वाईट काळ या दोन्हींच्या मधला आहे. वळवाचा पाऊस सोसाट्याच्या वाऱ्यासह येतो आणि तेव्हा जमीन अजून भेगाळलेलीच असते. पाणी फटीतून खाली उतरते आणि तिच्या भिंती मऊ करू लागते, फट मात्र मिटायची असते. फट १.८ मीटर आणि cu २५ असे दोन्ही एकाच वेळी धरले, तर लागणारी लांबी सुमारे ५.१ मीटर येते. एका सरीत माती एवढ्या खोलवर मऊ होत नाही, म्हणून हे धरणे कडक आहे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते अशा खांबाला ५.२५ मीटरची पाइल द्यावी, कारण मीटर-दोन मीटर जास्त खोदण्याचा खर्च खांब उभा राहिल्यावर पाया सुधारण्यापेक्षा फार कमी आहे. शिवाय उन्हाळ्यात मोठ्या मोमेंटची जागा १.१ मीटरवरून जवळपास २ मीटर खोलीवर सरकते. म्हणून सळयांचा पिंजरा वरच्या दीड मीटरनंतर हलका करू नये.

सरकण

क्षमता पुरली तरी खांब किती कलतो हा वेगळा प्रश्न आहे, आणि बहुधा तोच आधी आडवा येतो. लांबीच्या मानाने ताठ असलेल्या पाइलची जमिनीपाशी होणारी सरकण अशी काढतात:

```
y0 = 4·H·(1 + 1.5·e/L) / (k·D·L)
```

k·D ही मातीची ताठरता आहे. cu च्या ६७ पट धरली तर ती चौरस मीटरला ३३५० किलोन्यूटन येते. २० किलोन्यूटन भाराला ३.५ मीटरची पाइल २१ मिलिमीटर सरकते आणि ५.२५ मीटरची ११ मिलिमीटर. हे आकडे फट नसतानाचे आहेत, फट पडली की दोन्ही वाढतात. भारतीय मानक आयएस २९११ च्या भाग ४ मधील आडव्या भाराच्या चाचणीत ५ मिलिमीटर सरकणीचा भार आणि १२ मिलिमीटर सरकणीच्या भाराचा अर्धा यांना सुरक्षित भार ठरवण्याचे आधार मानले आहे. पण ती चाचणी भार जमिनीलगत लावून होते. तिचा आकडा पाच मीटर उंच लागणाऱ्या वाऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

मर्यादा

cu मिळवण्याची नेहमीची वाट म्हणजे न बांधलेल्या नमुन्याची दाबचाचणी. तिच्या सामर्थ्याचा निम्मा आकडा cu धरतात. काळ्या मातीत बारीक भेगांचे जाळे असते आणि छोटा नमुना भेगांच्या मधूनच निघतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा मोठा येण्याचा धोका असतो. नमुना कोणत्या महिन्यात काढला, हे अहवालावर लिहिलेले असलेच पाहिजे.

ही रीत संपूर्ण लांबीत एकसारखी चिकणमाती धरते. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट लागतो. पाइलचे बूड मुरुमात घट्ट बसले तर खालची प्रतिक्रिया 9·cu·D राहत नाही, आणि g चे दोन समान भागही पडत नाहीत. तिथे थरागणिक प्रतिक्रिया घेऊन समतोल पुन्हा लिहावा लागतो. वाऱ्याच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या झोताने पाइलभोवतीची फट हळूहळू रुंदावते, तेही या समीकरणांत येत नाही. उन्हाळा संपताना सळई सोडून फट मोजण्याचे काम म्हणूनच खांब उभा राहिल्यावरही दरवर्षी करावे लागते.