बेडकाच्या मांडीपासून चारशे मीटरपर्यंत: तीन ऊर्जायंत्रणांची पार्श्वभूमी

चारशे मीटर पळून आलेला पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि धापा टाकत सांगतो, "सर, लॅक्टिक चढलं." दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या की पुन्हा दोष लॅक्टिकलाच. आणि पळताना स्नायूला ऊर्जा कुठून मिळते याचा वहीत तो तक्ता असतोच: पहिली दहा सेकंदं फॉस्फेट, मग दोन मिनिटांपर्यंत लॅक्टिक, त्यापुढे ऑक्सिजन. जणू रिले शर्यत आहे आणि एक यंत्रणा दुसरीच्या हातात बॅटन देऊन मैदानाबाहेर जाते.

पोरांना हा तक्ता मीही बरीच वर्षं असाच शिकवला. तो सरसकट खोटा नाही. पण त्याची मांडणी शरीर कसं चालतं यापेक्षा शास्त्रज्ञांना काय आधी सापडलं आणि काय नंतर, यावरून ठरलेली आहे. ती गोष्ट कळली की तक्ता कुठे फसवतो हेही कळतं.

सुरुवात 1907 साली केंब्रिजमध्ये झाली. स्नायू कापला, चिरडला की त्यात आपोआप लॅक्टिक ॲसिड तयार व्हायचं, त्यामुळे ते आधीपासून किती होतं हे कोणालाच मोजता येत नव्हतं. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचा स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये टाकून वाटला. आतली सगळी रासायनिक घडामोड जागच्या जागी थांबली आणि पहिल्यांदा खरा आकडा हाती आला. ताज्या, विसावलेल्या स्नायूत लॅक्टिक अगदी थोडं होतं. ऑक्सिजनशिवाय राबवलेल्या स्नायूत ते साचत गेलं, आणि तोच स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की ओसरलं. निष्कर्ष सरळ दिसत होता: स्नायू लॅक्टिकमुळे आखडतो, लॅक्टिकमुळे थकतो आणि ऑक्सिजन ते साफ करतो.

आर्चिबाल्ड हिल हा इंग्रज शास्त्रज्ञ स्वतः पळणारा होता. 1920 नंतरच्या काळात त्याने हीच कल्पना बेडकावरून माणसावर आणली. पाठीला मोठी पिशवी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि गवतावरच्या छोट्या ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या; सोडलेला श्वास पिशवीत जमा होई आणि त्यावरून ऑक्सिजन किती वापरला ते निघे. वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा आकडा वाढत नाही, हे त्याने दाखवलं. हिलचा स्वतःचा आकडा मिनिटाला सुमारे चार लिटर होता. पळणं थांबल्यावरही बराच वेळ जास्तीचा ऑक्सिजन खर्च होत राहतो, त्याला त्याने 'ऑक्सिजनचं कर्ज' म्हटलं. हे कर्ज म्हणजे साचलेलं लॅक्टिक निस्तरण्याची किंमत, असा त्याचा हिशोब होता. ओटो मायरहॉफबरोबर त्याला 1922 चं नोबेल मिळालं आणि लॅक्टिकची कहाणी पक्की झाली.

ती उलटवणाऱ्यांमध्ये एक भारतीय होता. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा हार्वर्डमध्ये सायरस फिस्केबरोबर काम करत होते. द्रावणातलं फॉस्फेट मोजायची त्यांची पद्धत अशी की रसायनं घातली की निळा रंग येतो, आणि रंग जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. ही पद्धत त्यांच्याच नावाने आजही ओळखली जाते. पण स्नायूचा अर्क घेतला की निळा रंग एकदम न येता हळूहळू गडद होत राहायचा. दुसरा कोणी असता तर रसायनं शिळी झाली असतील म्हणून बाटली बदलून मोकळा झाला असता. या दोघांनी विचार केला की स्नायूत फॉस्फेट कशाला तरी जोडलेलं असणार, आणि तो नाजूक जोड परीक्षानळीत सुटत असणार. ते निघालं क्रिएटिन फॉस्फेट. वर्ष होतं 1927. लंडनमध्ये एगलटन दांपत्यालाही त्याच सुमारास तेच सापडलं. स्नायू राबला की हे द्रव्य घटायचं, विसावला की परत यायचं. दोन वर्षांनी, 1929 मध्ये, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये याच जोडीला एटीपी हे ऊर्जा पुरवणारं द्रव्य सापडलं. स्नायू शेवटी खर्च करतो तो एटीपीच.

तरी लॅक्टिकवाले हटले नव्हते. शेवटचा घाव कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्डने 1930 साली घातला. त्याने बेडकांना आयोडोॲसिटिक ॲसिड नावाचं विष दिलं. या विषाने साखर फोडण्याची वाट बंद होते, म्हणजे लॅक्टिक तयारच होऊ शकत नाही. जुन्या कल्पनेनुसार असा स्नायू हलायलाच नको होता. पण तो कित्येक वेळा आकुंचन पावला. क्रिएटिन फॉस्फेट संपल्यावर मात्र लाकडासारखा कडक होऊन थांबला, आणि तेव्हाही त्यात लॅक्टिक साचलेलं नव्हतं. हिलने उमदेपणाने 1932 मध्ये लेख लिहून हार मानली. लेखाच्या शीर्षकातच त्याने या बदलाला क्रांती म्हटलं.

नावं मात्र जुनीच चिकटली. 1933 मध्ये हार्वर्डच्या मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी कर्जाचे दोन भाग केले: एक लॅक्टिकचा आणि एक 'अलॅक्टिक', म्हणजे लॅक्टिक नसलेला. फॉस्फेटच्या यंत्रणेला नाव मिळालं तेसुद्धा 'ती दुसरी नव्हे' असं. तक्त्यातले कप्पे इथून आले. पहिल्या कप्प्यात लॅक्टिक शून्य, मग लॅक्टिक, मग ऑक्सिजन.

पोरांना मी आता बादली सांगतो. बादलीत एटीपी आहे, दोन-तीन सेकंदांत उपसलं जाईल इतकंच. तिच्यावर तीन नळ आहेत आणि शिट्टी वाजताच तिन्ही एकदम सुटतात. फॉस्फेटच्या नळाची धार सगळ्यात मोठी, पण टाकी एवढीशी. साखर फोडणाऱ्या नळाची धार मध्यम. ऑक्सिजनच्या नळाची धार बारीक आणि जोर धरायला वेळ घेणारी, पण त्याच्या मागे विहीर आहे. आणि फॉस्फेटची टाकी पुन्हा भरते ती याच तिसऱ्या नळाच्या पाण्याने. फुटबॉल खेळणाऱ्याला यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच शेवटचं.

तिन्ही नळ एकदम सुटतात हे माणसात दिसलं ते स्टॉकहोमच्या बर्गस्ट्रॉमने 1960 नंतरच्या काळात सुईने मांडीचा कणभर तुकडा काढायची पद्धत रुळवल्यावर. इंग्लंडमधल्या लफबरो इथे 1993 साली आठ तरुणांना सायकलवर सहा सेकंदांचे दहा स्प्रिंट मारायला लावले, प्रत्येकामध्ये 30 सेकंद विश्रांती. पहिल्याच स्प्रिंटमध्ये ऑक्सिजनशिवाय आलेल्या ऊर्जेतला निम्मा वाटा फॉस्फेटचा होता आणि 44 टक्के साखर फोडण्यातून आला होता. अवघ्या सहा सेकंदांत! तक्त्याप्रमाणे तिथे लॅक्टिकला प्रवेशच नाही. दहाव्या स्प्रिंटपर्यंत साखरेचा वाटा 16 टक्क्यांवर आला, तरी ताकद पहिल्याच्या 73 टक्के टिकली. उरलेली भर ऑक्सिजनने घातली, दुसरं कोण घालणार?

आता मैदानावर. आमच्या एका पंधरा वर्षांच्या विंगरची वही समोर आहे. वीस मीटर जाऊन वळून परत, असे सहा फेरे, मध्ये 20 सेकंद विश्रांती. पहिला फेरा 7.9 सेकंद, मग 8.0, 8.2, 8.3, 8.4, 8.5. आठवड्याने तेच फेरे तीन मिनिटांच्या विश्रांतीने, आणि सगळे 7.9 ते 8.1 मध्ये. हातातल्या घड्याळात एक-दोन दशांश इकडेतिकडे होतातच, म्हणून एका आकड्याकडे न बघता उतरंडीकडे बघायचं. फॉस्फेटची टाकी अर्धी भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. वीस सेकंदांत ती अर्धीही होत नाही. त्याच संघातला एक मिडफिल्डर क्रॉस कंट्रीही पळतो. त्याचा पहिला फेरा 8.2 चा, म्हणजे हळू. पण सहावा 8.4. टाकी लहान असली तरी तिच्यात पाणी लवकर येतं. 1976 च्या एका प्रयोगात व्यायामानंतर पायाचा रक्तपुरवठाच पट्ट्याने रोखला होता, तेव्हा फॉस्फेट अजिबात भरून आलं नाही. ऑक्सिजन नाही तर भरणा नाही.

यावरून सराव घेणाऱ्यांची नेहमीची चूकही दिसते. 'वेग वाढवायचा' म्हणून वीस-वीस सेकंदांच्या विश्रांतीने स्प्रिंट घेतले, तर चौथ्या फेऱ्यापासून पोरगं वेगाचा सराव करतच नसतं. दमाचा करत असतं. तोही हवा असतो, पण मग वहीत तसं लिहावं.

शंभर मीटरमध्येही टाकीचा आकार दिसतो. 2009 साली बर्लिनला 9.58 पळताना उसेन बोल्ट सगळ्यात वेगात होता तो 60 ते 80 मीटरच्या पट्ट्यात, 20 मीटरला 1.61 सेकंद. शेवटच्या दहा मीटरमध्ये तोही किंचित मंदावला. फॉस्फेट ओसरणं हे त्यामागचं एक कारण. जिंकणारा शेवटी वेग वाढवतो असं गॅलरीतून वाटतं, खरं तर तो इतरांपेक्षा कमी मंदावतो.

आणि चारशे मीटर, लॅक्टिकची खास शर्यत? ऑस्ट्रेलियात 2001 मध्ये सराव केलेल्या धावपटूंवर झालेल्या मोजणीत चारशेच्या ऊर्जेतला 43 टक्के वाटा ऑक्सिजनचा निघाला, आठशेत 66 आणि पंधराशेत 84. आपल्या बीडच्या अविनाश साबळेने 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे 35 अडथळे ओलांडत दर शंभर मीटर सुमारे सव्वासोळा सेकंदांत, तीस वेळा. हे जवळजवळ सगळं विहिरीचं पाणी. पण प्रत्येक उडीला आणि शेवटच्या फेरीतल्या मुसंडीला पहिले दोन नळ लागतातच.

दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं लॅक्टिकशी नातं नाही. लॅक्टिक साधारण तासाभरात रक्तातून ओसरतं, आणि त्यातलं बरंचसं स्नायू आणि हृदय इंधन म्हणून जाळतात. उतारावर सावकाश पळा: लॅक्टिक फारसं वाढत नाही, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोंबलतात. ताणाखाली स्नायूंच्या तंतूंना झालेली ती बारीक इजा असते.

वरचे बहुतेक आकडे मोठ्या माणसांचे आहेत, आणि ते तेरा वर्षांच्या पोराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्वीडनमध्ये 1970 च्या सुमारास एरिक्सन यांनी 11 ते 13 वर्षांच्या मुलांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा साखर फोडण्याच्या कामातलं एक महत्त्वाचं एन्झाइम प्रौढांपेक्षा बरंच कमी आढळलं. दुसरा नळ वयात येताना हळूहळू मोठा होतो. म्हणून सातवीतलं पोर चारशे पळून आडवं होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा पकडापकडी खेळायला लागतं, तर बारावीतला दादा अजून कुंपणाला टेकून उभा असतो.

मुलांच्या मांडीत सुई घालायला आता सहसा परवानगी मिळत नाही. त्याऐवजी पाय मोठ्या चुंबकात ठेवून स्नायूतलं फॉस्फेट बाहेरूनच वाचतात. पाय हलवला की क्रिएटिन फॉस्फेटची रेघ पडद्यावर खाली येते, थांबवला की वर चढते, आणि लहान मुलांमध्ये ती मोठ्यांपेक्षा लवकर चढते.