मुनीमजींची शिवी आणि य-र-ल-व

कादंबरीत मराठवाड्यातलं पात्र, समजा एखादा मुनीम, आलं की दर दुसऱ्या ओळीला शिवी आणि शिवीच्या पोटात दोन-तीन फुल्या, अशी एक सवय लेखकांना लागली आहे. गावाकडचा माणूस शिवराळ असतो, तेव्हा जितक्या शिव्या जास्त तितका तो खरा वाटेल, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकतो. आणि तो का चुकतो हे सांगायला सभ्यतेचे दाखले लागत नाहीत, शिवी माणसाच्या शरीरात काय करते एवढं पाहिलं तरी पुरतं.

२०११ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना काही शब्द मोठ्यानं वाचायला दिले. त्यांत खऱ्या शिव्या होत्या, त्याच शिव्यांची सभ्य रूपं होती (म्हणजे शिवीचं नुसतं पहिलं अक्षर सांगून काम भागवायचं) आणि काही साधे शब्दही होते. वाचताना किती घाम सुटतो हे त्वचेतून जाणाऱ्या बारीकशा विजेवरून मोजलं. खरी शिवी वाचताना शरीर जितकं दचकलं, तितकं सभ्य रूप वाचताना दचकलं नाही. अर्थ दोन्हींचा एकच, वाचणाऱ्यालाही तो पक्का ठाऊक, तरीही फरक पडला. शिवीचा झटका शब्दाच्या अर्थामध्ये नसतो. लहानपणी तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा बसलेल्या चपराकीशी त्या आवाजाची जी गाठ पडली, त्या गाठीत तो असतो.

आता ‘भ’ आणि पुढे तीन फुल्या हे काय आहे? तेच पहिलं अक्षर. फुल्यांवर वेगळा प्रयोग झालेला नाही, पण वाचक तिथे काय करतो हे कळणं अवघड नाही. तो कोडं सोडवतो. दुसरं अक्षर काय असेल, काना असेल का, हे जुळवेपर्यंत भांडण पुढे निघून जातं. फुल्या घातल्या की शिवीतला घाणेरडेपणा शाबूत राहतो आणि झटका तेवढा निघून जातो. लेखकाला हवं असतं याच्या बरोबर उलट.

मग शिव्या पूर्णच लिहाव्यात का? एखादी लिहावी. फार नको, याचंही कारण प्रयोगातच आहे. कील विद्यापीठातले रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. शिवी देत राहिलेल्यांनी हात जास्त वेळ ठेवला, त्यांना दुखणं कमी जाणवलं. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की ज्यांच्या तोंडी रोजच शिव्या असतात, त्यांना हा फायदा कमी मिळतो. वाचकाचंही बहुधा असंच होतं. पहिल्या पानावरची शिवी लागते, चौथ्या पानावरची विरामचिन्हासारखी नजरेखालून निघून जाते. माझं माप असं: एका प्रकरणात पूर्ण उच्चारलेली शिवी एकच, आणि ती कुठे पडणार हे आधी ठरवून मग मागचं-पुढचं लिहायचं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. शाळेच्या व्याकरणात य, र, ल, व यांना अंतस्थ म्हणतात. हे उच्चारताना जीभ किंवा ओठ हवेची वाट पुरती अडवत नाहीत. ‘ट’ म्हणताना जीभ टाळूला घट्ट चिकटते, मागे हवा तुंबते आणि मग सुटते. ‘ल’ किंवा ‘य’ म्हणताना असं काही तुंबत नाही, आवाज वाहत राहतो. २०२२ मध्ये शिरी लेव-आरी आणि रायन मॅके यांनी हिब्रू, हिंदी, हंगेरियन, कोरियन आणि रशियन अशा एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या भाषांतल्या शिव्या तपासल्या. शिव्यांमध्ये अंतस्थ वर्ण कमी सापडले. पुढे त्यांनी बनावट शब्द ऐकवून यातली शिवी कोणती असं विचारलं, तेव्हाही अंतस्थ असलेले शब्द लोकांनी कमी वेळा निवडले. शिवाय इंग्रजीत शिवी मऊ करून जी सभ्य रूपं बनवतात, त्यांत हेच वर्ण वाढलेले दिसले.

मराठी त्या पाहणीत नव्हती. पण ‘आयला’, ‘मायला’, ‘च्यायला’ हे शब्द उच्चारून पाहा. पूर्ण शिवीचं पुढचं क्रियापद गाळून उरलेली ही रूपं. टोकाला य आणि ल, तिथे जीभ आपटत नाही. म्हणून तर ती चारचौघांतही खपतात. अर्थात हे कोणी योजून केलेलं नाही. ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय आहे आणि तो तिथे व्याकरणानं आला आहे. आपल्याकडे नियमही इतका सरळ चालत नाही, कारण संबोधनाचा ‘-च्या’ जवळपास प्रत्येक शिवीला ‘य’ जोडतो. म्हणून प्रत्यय काढून मूळ शब्द ऐकावा. ‘भाडखाऊ’मध्ये भ, ड, ख आहेत, अंतस्थ एकही नाही. ‘टोणगा’, ‘ठोंब’, ‘थोबाड’ हे शब्द अश्लील मुळीच नाहीत, तरी कानाला शिवीसारखे लागतात. याउलट ‘बावळा’ म्हटलं तर मारायला उगारलेला हात अर्ध्यावर थांबल्यासारखा वाटतो.

म्हणून नवी शिवी घडवावी असा मोह होतो. ‘ढेबकं’ आणि ‘यरवलं’ असे दोन निरर्थक शब्द घेतले तर शिवी म्हणून पहिलाच चालेल. पण स्टीफन्स यांनी २०२० मध्ये ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’ अशा बनावट शिव्या देऊन तोच बर्फाचा प्रयोग केला, तेव्हा वेदना कमी झाली नाही. आवाज आहे पण चपराकीची आठवण नाही. घडवलेली शिवी विनोदी प्रसंगात चालते. संतापात ती वाचली की वाचक हसतो आणि प्रसंग हातचा जातो.

(शिव्या देणारी माणसं जास्त हुशार असतात, अशी एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. मूळ अभ्यासात एवढंच दिसलं होतं की ज्यांना एका मिनिटात जास्त शिव्या आठवतात, त्यांना इतर शब्दही जास्त आठवतात. कादंबरीकारानं यातून एकच गोष्ट घ्यावी: शिवराळ माणसाला शब्दांचं दारिद्र्य नसतं. आणि आजीच्या तोंडचा ‘तुझ्यावर पटकी पडो’ हा शाप पंचविशीतल्या मुनीमाच्या तोंडी घालू नये. पटकी दूषित पाण्यातल्या जंतूनं होते, ती शापानं कधीच पडली नाही. पण आजीच्या पिढीनं तिला गावं रिकामी करताना पाहिलं किंवा ऐकलं होतं, म्हणून त्या शापाला धार होती.)

शिवी एकच, घडवलेली चालणार नाही, मग मुनीम शिवराळ वाटणार कसा? मराठीत उद्धटपणाचं मोठं कोठार व्याकरणातच आहे. परभणीच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, प्रसंग घेऊ. सोयाबीनची आवक आहे, वजनकाट्याजवळ हमालाच्या हातून कट्टा, म्हणजे पोतं, फुटतं. नेहमीचा मसुदा असा असतो:

“ए भ*, कट्टा फोडलास ना! तुझ्या आ*. नीट धरता येत नाही का, भो*? भर सगळं, मा*.”

चार शिव्या, आणि त्यांच्या मधली मराठी पाठ्यपुस्तकातली. ‘नीट धरता येत नाही का’ हे बाई मुलाला वर्गात म्हणतात. आता तेच पुन्हा लिहू:

“कोणी लावलं रे हे बेणं काट्यावर? कट्टा फुटला, आन् हे उभं ऱ्हायलंय मढ्यावानी. गिळायला बसलं की बरे दोन्ही हात चालतेत ह्याचे. ए टोणग्या, बघायलास काय? वेच. दाना न् दाना वेच. तुझ्या आयला…”

पहिलं काम नपुंसकलिंगानं केलं. समोर उभ्या असलेल्या बाप्याला ‘हा’ न म्हणता ‘हे’ म्हटलं की तो माणसातून वस्तूत जातो. त्यात त्याच्याशी न बोलता त्याच्याबद्दल बोलायचं, तेही त्याला ऐकू जाईल असं. दुसरं काम क्रियापदानं केलं. जेवण्याला ‘गिळणं’, तोंडाला ‘थोबाड’, पायांना ‘तंगड्या’ म्हटलं की एकही अश्लील शब्द न वापरता माणूस जनावरांच्या रांगेत बसतो. तिसरं काम वाक्याच्या लांबीनं केलं. सुरुवात ऐसपैस, शेवटाला ‘वेच’ एवढाच शब्द.

आणि शेवटची शिवी अर्धी सोडली. इथे फुल्यांपेक्षा वेगळं काही घडतं. फुल्या शब्दाच्या आत पडतात आणि डोळा अडवतात. ‘तुझ्या आयला’ हे सगळे शब्द पूर्ण आहेत, अपुरं आहे ते वाक्य. वाचताना मेंदू पुढचा शब्द आधीच जुळवत असतो हे १९८० पासून मेंदूच्या विद्युतलहरी मोजून वारंवार दिसलं आहे. ‘ला’ प्रत्यय आला की क्रियापदाची जागा तयार होते. ती भरतो वाचक, त्याच्या ओळखीच्या शब्दानं. मात्र ‘आयला’ एकटंच वाक्याच्या सुरुवातीला आलं तर ते नुसतं आश्चर्य होतं, ‘आयला, पाऊस आला की!’ असं. म्हणून ‘तुझ्या’ हवं आणि जागा शेवटची हवी.

बिघडतं कुठे? नपुंसकलिंग मायेचंही असतं. ‘आमचं येडं उपाशीच झोपलं’ हे आई म्हणते. तेव्हा ‘हे’च्या सोबत कठोर क्रियापद नसेल तर मुनीम प्रेमळ वाटू लागतो. तपासायचं असेल तर संवादातलं फक्त लिंग बदलून वाचावं. ‘हा उभा ऱ्हायलाय’ केल्यावर काहीच हललं नाही, तर मुळात तिथे अपमान नव्हताच. बोलीचंही तसंच. ‘बघायलास’, ‘चालतेत’ अशी दोन-तीन रूपं पुरतात. प्रत्येक शब्द वाकवला तर पुण्यातला वाचक पुन्हा कोडं सोडवायला बसतो.

ऐकणाऱ्यांकडेही एक वाक्य द्यावं. चहाची किटली घेऊन आलेला पोऱ्या उंबऱ्यातच थांबला, असं. त्यानं काय ऐकलं हे मग लिहावं लागत नाही.

राहिली ती राखून ठेवलेली एक पूर्ण शिवी. ती मुनीमाला देऊ नये, त्याच्या तोंडी ती स्वस्त आहे. संध्याकाळी हिशेबाला हमाल समोर उभा आहे. मुनीम वहीतून मान वर न करता म्हणतो, “फुटल्या कट्ट्याचे पैसे कापलेत. पुढचा.” दिवसभर एक शब्द न बोललेला हमाल हातातला हुक काट्यावर ठेवतो आणि हळू आवाजात म्हणतो, “भाडखाऊ.”

मुनीमाची लेखणी थांबते. सकाळपासून ज्याला तो ‘हे’ म्हणत होता, त्याच्याकडे तो पहिल्यांदा बघतो.

“कोणाला म्हणलात तुम्ही?”