डेटा पॅक संपणे (मूळ प्लॅन चालू असताना)

प्रीपेड मोबाइलच्या मूळ प्लॅनची मुदत शिल्लक असताना त्यातला वेगवान डेटा संपून जाण्याची ही स्थिती. बोलीभाषेत ‘नेट संपलं’ म्हणतात, पण रोजच्या मर्यादेच्या प्लॅनमध्ये नेट सहसा बंद पडत नाही, फक्त वेग घसरतो. बऱ्याच प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. अशा वेळी व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण २ एमबीच्या फोटोला चार मिनिटांहून जास्त लागतात. कॉल मात्र नेहमीसारखे लागतात, आणि रिचार्ज संपला की डेटा, हे त्यावरूनच ओळखता येते.

समजा, नाशिकला कॉलेज रोडवर खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थिनीकडे रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन आहे. लॅपटॉपला हॉटस्पॉट दिल्याने तिचा कोटा संध्याकाळी पाचलाच संपतो. ती मूळ प्लॅनच्या मुदतीइतकाच चालणारा २ जीबीचा ॲड-ऑन मारते आणि रात्रीपर्यंत त्यातले ६०० एमबी वापरते. बारा वाजता नवा दीड जीबी जमा होतो आणि वापर पुन्हा त्यातून कापला जाऊ लागतो. ॲड-ऑनमधले उरलेले सुमारे १.४ जीबी तसेच थांबतात. दुसऱ्या दिवशीचा कोटा संपला तरच त्यांना हात लागतो, आणि मूळ प्लॅन संपेपर्यंत ते वापरले नाहीत तर बुडतात. रोजच्या कोट्यातले न वापरलेले एमबीही सहसा पुढच्या दिवसावर जात नाहीत. ती सोय प्लॅनमध्ये वेगळी लिहिलेली असावी लागते.

ॲड-ऑनची स्वतःची मुदत असेल तर गणित बदलते. एका दिवसाचा पॅक बहुधा त्याच रात्री बारापर्यंत चालतो, चोवीस तास नव्हे. साडेअकराला तो मारणे म्हणजे अर्ध्या तासासाठी पैसे मोजणे. घाईत पुन्हा पूर्ण रिचार्ज मारण्याचा उपायही अनेकदा फसतो, कारण काही कंपन्यांकडे दुसरा मूळ प्लॅन रांगेत लागतो आणि पहिला संपल्यावरच सुरू होतो. पैसे गेले, वेग तसाच! ॲपमध्ये तो प्लॅन ‘सुरू’ दिसतो की ‘रांगेत’, हे आधी पाहावे. ॲड-ऑन सुरू दिसत असूनही वेग येत नसेल, तर मोबाइल डेटा बंद करून पुन्हा चालू केल्यावर जोडणी नव्याने होते आणि बहुतेक वेळा काम भागते.

एकूण डेटा ठरलेल्या, रोजची मर्यादा नसलेल्या प्लॅनमध्ये मध्यरात्रीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. तिथे कोटा संपला की पुढचा रिचार्ज किंवा ॲड-ऑन हाच मार्ग. काही प्लॅनमध्ये त्यानंतरचा वापर मुख्य बॅलन्समधून प्रति एमबी दराने कापला जातो, म्हणून बॅलन्स ठेवणाऱ्याने ती अट वाचावी. डेटा सेवाच बंद करायची असेल तर १९२५ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फोनच्या सेटिंगमधला डेटा मीटर आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळत नाही, आणि कोटा कापताना कंपनीचाच आकडा धरला जातो.